खिवाच्या दरवाज्याबाहेरचा ख्वारिझ्मी आणि वाटणीचं गणित

उझबेकिस्तानातल्या उर्गेंचहून टॅक्सीने खिवाला आलो, आणि जुन्या शहराच्या पश्चिम दरवाज्याबाहेरच गणितज्ञ अल-ख्वारिझ्मीचा पुतळा दिसला, मान खाली घालून काहीतरी मांडत बसल्यासारखा. माणूस मूळचा या ख्वारिझ्म भागातला मानतात, पण काम केलं बगदादमध्ये, खलिफा अल-मामूनच्या काळात, आणि बीजगणिताचं पुस्तक लिहिलं साधारण 820 च्या सुमारास. हे कशासाठी लागतं ते तो प्रस्तावनेतच सांगतो: वारसा, मृत्युपत्र, वाटण्या, कज्जे, व्यापार, जमीन मोजणी, कालवे खोदणं. पुस्तकाचा जवळपास अर्धा भाग तर वारशाच्या उदाहरणांचाच आहे, आणि मला त्यातलं पहिलंच फार आवडतं म्हणून तिथेच सावलीत बसून वहीत परत सोडवलं.

बाप वारला, दोन मुलगे. रोख 10 दिरहम, शिवाय एका मुलाकडून 10 दिरहम येणं. आणि एक तृतीयांश एका परक्या माणसाला लिहून ठेवलाय (वारसांची संमती नसेल तर शरियतप्रमाणे यापेक्षा जास्त देता येत नाही). आपण पटकन म्हणू 20 चे तीन भाग, प्रत्येकी 6⅔. पण मग रोख 10 मधून परका आणि दुसरा मुलगा या दोघांना मिळून 13⅓ कुठून देणार, कर्जदार मुलाने 3⅓ आणून दिले तरच जमेल, आणि तो कफल्लक आहे असं धरलंय. म्हणून नियम असा की त्याच्या हिश्श्याएवढंच कर्ज वसूल झालं असं धरायचं, उरलेलं बापाने त्याला दिलं असं समजायचं. आता गंमत बघा, हिस्सा ठरायला एकूण मालमत्ता पाहिजे आणि मालमत्ता ठरायला त्याचा हिस्सा पाहिजे!

ख्वारिझ्मी त्या माहीत नसलेल्या हिश्श्याला सरळ ‘वस्तू’ म्हणतो, आपण x म्हणू. मालमत्ता 10 + x, तिसरा भाग परक्याला गेला, उरलेल्याचे दोन भाग केले की प्रत्येक मुलाला 3⅓ आणि x चा तिसरा भाग. हाच तर x. म्हणजे x चे दोन तृतीयांश = 3⅓, x = 5. रोख 10 पैकी 5 परक्याला, 5 दुसऱ्या मुलाला, कर्जदाराचा हिस्सा कर्जातच वळता. आणि हे सगळं त्याने शब्दांत लिहिलंय, एकही चिन्ह नाही.

व्यापाराचा भाग मात्र छोटा आहे, 6 ला 10 तर 4 ला किती, उत्तर 6⅔, म्हणजे आपलं त्रैराशिकच. पण सगळं बीजगणित वाटण्यांतूनच आलं असं मी म्हणणार नाही, कारण वारशाची उदाहरणं बहुतेक अशी साधी एकघातीच आहेत. वर्गसमीकरणं तो पुस्तकाच्या सुरुवातीला वेगळी घेतो, आणि ती चौकोनांच्या आकृत्या काढून पटवून देतो.