काळी गाठ

"ही काळी दिसतेय ना, ती आधीच मेलीय. तिला काय मारायचं?" डॉक्टर स्क्रीनवर बोट ठेवून ताईला सांगत होते आणि मी नुसती बघत बसले.

सोनोग्राफीत ताईच्या गर्भाशयातले दोन्ही फायब्रॉइड, म्हणजे गाठी, सारखेच वाटलेले, एक ७ सेंटीमीटर, एक ४. एमआरआयमध्ये शिरेतून कॉन्ट्रास्टचं औषध दिल्यावर मोठी गाठ उजळली, म्हणजे तिला रक्त जातंय, छोटी काळीच राहिली. उपचार म्हणजे मनगटातून बारीक नळी गर्भाशयाच्या धमनीपर्यंत नेऊन तिथे कण सोडायचे आणि गाठीचं रक्त तोडायचं, एवढाच खेळ. मग जिला रक्तच नाही तिचं काय तोडणार!

उपचारानंतरची पहिली रात्र मात्र वाईट गेली. पेनकिलरचा पंप लावूनही ताई पोट धरून होती, नंतर चार दिवस कणकण, मळमळ, थकवा. हे होतंच म्हणे. पण आठवड्यानंतर ताप वाढला किंवा घाण वासाचा स्राव आला तर लगेच या, इन्फेक्शन असू शकतं, असं बजावलंय.

आज दहावा दिवस. शेजारच्या काकू विचारून गेल्या, "गाठ काढली ना?" काढली नाही हो, आतच आहे, तीन-सहा महिन्यांत आक्रसत जाईल. काकूंचा चेहरा बघून ताई खूप दिवसांनी हसली. तुम्ही कसं समजावलं असतं?