शाडूला दोन महिने द्या

जाहिरातींचा मजकूर लिहिणं हे माझं काम. गेल्या वर्षी, म्हणजे 2025 च्या जुलैमध्ये, शाडूच्या मूर्तींच्या मोहिमेसाठी एक घोषवाक्य माझ्याकडे आलं. अट एकच होती, पण अवघड: मंडळांना पटलं पाहिजे आणि वाचून कुणालाही आपल्याला झापलंय असं वाटता कामा नये.

त्या दिवसांत विषय तापलेलाच होता. पीओपीच्या मूर्ती बनवायला जूनमध्ये उच्च न्यायालयाने परवानगी दिली होती, पण समुद्रात विसर्जन करायचं की नाही, हा प्रश्न लोंबकळत होता. मंडळांचे कार्यकर्ते आधीच वैतागलेले. त्यात माझ्या आधी कुणीतरी केलेलं पोस्टर मला नमुना म्हणून मिळालं: विसर्जनानंतरची सकाळ, चौपाटीवर वाहून आलेला मूर्तीचा हात, आणि खाली ‘हेच का तुमचं प्रेम?’. मी परळच्या चाळीत वाढले आहे. विसर्जनाहून परतताना रिकामा पाट डोक्यावर घेऊन रडणारी मोठी माणसं मी पाहिली आहेत. त्यांना हा प्रश्न विचारायचा नाही, एवढं पहिल्याच दिवशी ठरलं.

मग मातीकडे वळले आणि भाषेनेच अडवलं. ‘मातीचा बाप्पा मातीत मिळू दे’ असं लिहिलं आणि लगेच खोडलं, कारण मातीत मिळणं म्हणजे वाटोळं होणं. माती होणं, माती खाणं, माती देणं, मराठीत मातीचे वाक्प्रचार बहुतेक वाईटच निघाले. ‘पार्थिव’ हा तर पूजेतलाच शब्द. उत्तरपूजेला गुरुजी म्हणतात, ‘यान्तु देवगणाः सर्वे पूजामादाय पार्थिवीम्’. पार्थिव म्हणजे पृथ्वीची, मातीची. शास्त्र आपल्या बाजूने असल्याचा आनंद दोन मिनिटं टिकला. रोजच्या मराठीत पार्थिव अंत्यसंस्कारासाठी नेतात. बॅनरवर तो शब्द कोण लावणार?

आषाढी होऊन आठवडा झाला होता. दुपारी मी परळमधल्या एका मूर्तिकारांच्या मांडवात गेले. सोबत एका गल्लीतल्या मंडळाचे सेक्रेटरी होते, सगळे त्यांना दादा म्हणतात. चार फुटांचा गणपती, वर्गणी बेताची, दरवर्षी पीओपी. बाहेर पाऊस कोसळत होता आणि ताडपत्रीवरून पाणी ओघळत होतं.

दादा सरळ बोलले, “ताई, आम्हाला शाडू नकोय असं नाही. दोन वर्षांपूर्वी केला होता. आगमनाच्या दिवशी मानेला तडा. बायका म्हणाल्या, अपशकुन. पुढच्या वर्षी परत पीओपी.”

मूर्तिकार काकांनी विचारलं, “ऑर्डर कधी दिली होतीत?”

“श्रावण लागला तेव्हा.”

काका काही न बोलता आम्हाला आत घेऊन गेले. शाडूची एक मूर्ती पाटावर बसलेली होती, रंग द्यायची बाकी. त्यांनी माझा हात धरून मूर्तीच्या गुडघ्यावर ठेवला, मग सोंडेच्या वळणाखाली. गुडघा नुसता गार होता. सोंडेखालची जागा ओलसर, थंडगार, आणि रंगही गडद, ओल्या पाटीसारखा. सुकलेला शाडू फिकट राखाडी होतो. बोटाच्या पेरानं त्यांनी पोटावर टकटक केलं, आवाज मोकळा आला. मानेवर केलं तर बसका आला. “इथं अजून पाणी आहे,” ते म्हणाले. “आज रंग मारला तर आतलं पाणी बाहेर यायला जागा शोधेल. आधी पोपडे, मग तडा. आणि तो मानेला, नाहीतर दंडालाच येणार, कारण तिथं जाड आणि बारीक भाग एकमेकांना चिकटलेले असतात. बारीक आधी सुकून आक्रसतो, जाड मागे राहतो.”

दादांनी विचारलं, “मग पंखे लावायचे, हॅलोजन लावायचा.”

“तेच तर करतात घाईत. वरची कातडी कडक होते, आत चिखल. ती मूर्ती वरून सुकलेली दिसते, म्हणून जास्त फसवते.”

पीओपीचं तसं नसतं. पाण्यात कालवलेली पावडर साच्यात ओतली की तासाभराच्या आत घट्ट होते. तिथे पाऊस, दमट हवा यांचा फारसा प्रश्न येत नाही. शाडूत चिरा आवरायला काथ्या घालतात, थर बसू देतात, आणि मुंबईच्या जुलैत हवाच ओली असल्यामुळे नुसतं सुकायलाच तीन-चार आठवडे जातात. काकांनी चार फुटांच्या मूर्तीचा हिशेब सांगितला: घडवायला पंधरा दिवस, सुकायला महिना, मग घासकाम, रंग आणि शेवटी डोळ्यांची आखणी. “मला दोन महिने द्या, मग तडा गेला तर मला बोला.”

मी मोबाईलमध्ये कॅलेंडर उघडलं. चतुर्थी 27 ऑगस्टला. सहा आठवडे उरले होते. आणि आमचे बॅनर लागणार होते ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात! ज्या मंडळाला ते पटले असते, त्याच्या नशिबी अर्धओली मूर्ती आली असती आणि तो गणपतीही मानेला तडा घेऊनच आला असता. म्हणजे आमची मोहीमच शाडूची बदनामी करणार होती. मला तिथे उभ्या उभ्या घाम फुटला.

दादांच्या मंडळाने शाडू सोडला तो बेफिकिरीने नाही. त्यांना कुणी तारीख सांगितली नव्हती. समुद्राचं दुःख सगळे सांगतात, ऑर्डर कधी द्यायची ते कुणी सांगत नाही. मी तिथेच बाकड्यावर बसून लिहिलं:

पुढच्या वर्षी लवकर या,
शाडूला दोन महिने द्या.

दादांनी ते वाचलं नाही, गायलं. पहिली ओळ त्यांच्या तोंडात आयुष्यभर होतीच, दुसरी त्याच ठेक्यावर बसली. मग थोडं थांबून म्हणाले, “पहिली बाप्पाला, दुसरी आम्हाला. चालेल?” मला हीच शंका होती. काका म्हणाले, “गर्दीत ती दोन्ही माणसंच म्हणतात की.” मी तसंच ठेवलं.

ऑफिसात मात्र मोहीम ऑगस्टमधून हलवायला दोन दिवस भांडावं लागलं. माझं म्हणणं एवढंच होतं की ही ओळ वाचायची वेळ अनंत चतुर्दशी, जेव्हा पहिली अर्धी सगळी मुंबई म्हणत असते आणि मंडळाकडे अख्खं वर्ष असतं. अखेर मान्य झालं. वीस फुटांच्या गणपतींना ही ओळ लागू नाही, तेही मी लिहून दिलं. निकदवरी लेनचा गिरगावचा राजा एवढा उंच असूनही शाडूचा असतो, पण ते वेगळं कसब, वेगळा खर्च. आमची ओळ गल्लीतल्या चार-पाच फुटांसाठी होती.

6 सप्टेंबरला मी चौपाटीवर होते. आमचे फलक निघण्याच्या वाटेवर, परतणाऱ्या माणसांच्या तोंडासमोर लावले होते. दादा रिकामा पाट घेऊन भेटले, डोळे लाल. फलकाकडे बघून त्यांनी फोन काढला आणि काकांना लावला.

“काका, पुढल्या वर्षी कधी आहे हो?”

स्पीकरवर काकांचा आवाज आला, “अधिक महिना आहे. 14 सप्टेंबर.”

“मग जूनअखेर आमचं नाव टाका. चार फूट. शाडू.”

“जूनअखेर नको,” काका म्हणाले, “पंधरा जूनला या. मान मी आधी करायला घेतो.”