पाठीमागचा शिक्का, उलटा कोट आणि छाटलेला कोपरा

घरातल्या त्या जुन्या फोटोचं वर्णन लिहिण्याचं काम या खेपेला बरंच पुढे सरकलं. पद्धत तीच ठेवली आहे. वहीत दोन रकाने: डावीकडे डोळ्यांना किंवा भिंगाखाली दिसलेलं, उजवीकडे त्यावरून बांधलेले अंदाज. उजवीकडच्या प्रत्येक ओळीपुढे डावीकडची कुठली नोंद तिला आधार देते, त्याचा क्रमांक लिहितो. आधाराचा क्रमांक नसेल तर ती ओळ खोडतो.

आधी मागची बाजू. कागद पोस्टकार्डाचा आहे, साधारण ९ बाय १४ सेंटीमीटर. तिकिटाच्या चौकटीत 'अ‍ॅझो' हा शब्द आणि चार कोपऱ्यांत चार त्रिकोण, चारही वर टोक केलेले. हे सगळं डाव्या रकान्यात. संग्राहक या नमुन्याचा कागद सर्वसाधारणपणे १९०४ ते १९१८ मधला धरतात, ते उजव्या रकान्यात. पण उजवीकडे लिहिताना कर्ता नीट ठरवला: 'हा कागद १९०४ नंतरचा'. 'हा फोटो १९०४ नंतरचा' असं लिहिलं नाही. कागदाचं वय म्हणजे चित्र टिपलं त्या क्षणाचं वय नव्हे. शिवाय उरलेला कागद नंतर वापरला गेला असू शकतो, म्हणून १९१८ ही सीमाही मऊच ठेवली आहे. अ‍ॅझो अमेरिकेत तयार होणारा कागद, पण तो दूरवर विकला जाई. त्यावरून ठिकाणाबद्दल काहीही लिहिता येत नाही.

मागेच 'आजोबा, लहानपणी' असं लिहिलं आहे. भिंगाखाली रेघेच्या तळाशी खोलगट चर दिसते आणि शाईचे बारीक गोळे साठलेले दिसतात, म्हणजे बॉलपेन. ते सर्रास वापरात आलं १९४५ नंतर. तेव्हा ही ओळ प्रिंट निघाल्यावर बऱ्याच वर्षांनी लिहिली गेली असावी. 'मागे असं लिहिलं आहे' हे निरीक्षण. 'हा मुलगा आजोबाच' ही लिहिणाऱ्याची साक्ष. मी तिला तिसराच रंग दिला आहे.

आता समोरची बाजू, आणि खरा आनंद इथे आहे. एक पुरुष उभा, एक मुलगा खुर्चीवर. पुरुषाच्या कोटाची उजवी बाजू डावीवर आलेली. पुरुषांच्या शिवलेल्या कोटात सहसा नेमकं उलट असतं. दुसरी नोंद: चित्राच्या आतच एक कड दिसते, तिचा वरचा एक कोपरा तिरका छाटलेला, आणि एका बाजूला कडेलगत बारीक सावली. तिसरी: पुरुषाच्या खांद्यावरून एक वाकडी काळी रेघ जाते, तिच्या कडेने खपल्या निघाल्यासारखं दिसतं. विजेरी कागदाला जवळजवळ समांतर धरून पाहिलं तर त्या जागी पृष्ठभाग अगदी सपाट आहे. म्हणजे इजा या कागदाची नाही, कागदावरच्या चित्रातली आहे.

या तिन्ही नोंदी एकत्र ठेवल्या की अंदाज जवळपास आपणच पुढे येतो: समोरचं प्रिंट हा दुसऱ्या, जुन्या फोटोचा घेतलेला फोटो. ती मूळ वस्तू बहुधा टिनटाइप, म्हणजे काळ्या लाखेच्या लोखंडी पातळ पत्र्यावर थेट उमटवलेलं चित्र. त्यात निगेटिव्ह नसतं म्हणून चित्र आरशातल्यासारखं उलटं येतं. पत्र्याचे कोपरे छाटलेले असत, आणि पत्रा वाकला की लाख तडकून खपल्या निघतात.

विरुद्ध शक्यताही तपासली. नकलेच्या वेळी काचेची निगेटिव्ह उलटी ठेवून छापली असेल, तरी कोट उलटाच दिसेल. पण तशा छपाईत कागद आणि निगेटिव्हवरचा चित्राचा थर यांच्यामध्ये काचेची जाडी येते आणि सगळंच किंचित मऊ होतं. इथे छाटलेल्या कोपऱ्याची कड आणि खपल्यांच्या रेषा कुरकुरीत आहेत. त्यामुळे टिनटाइपचं पारडं जड, पण 'बहुधा' हा शब्द मी काढलेला नाही. मूळ पत्रा हाताशी असता तर चुंबकाने लगेच निकाल लागला असता.

काळाचं गणित यामुळे सैल होतं. टिनटाइपची पद्धत १८५३ मध्ये मांडली गेली आणि विसाव्या शतकातही चालू राहिली. म्हणून मूळ वस्तू टिनटाइपच असेल तर मुलाचा क्षण १८५३ नंतरचा आणि नकल निघण्याआधीचा, एवढंच म्हणता येतं. पट्टा मोठा आहे, पण खरा आहे. 'कोटावरून १८९० च्या आसपास' असं एका जाणकाराने सुचवलं. ते उजवीकडे लिहिलं आहे, आधार म्हणून कॉलरचा आकार आणि बटणांची संख्या जोडून.

ठिकाणाचा रकाना रिकामा आहे. मागचा खांब आणि झाडं रंगवलेल्या पडद्यावरची आहेत, कारण खांबाची सावली आणि माणसांची सावली उलट दिशांना पडते. असे पडदे स्टुडिओ विकत घेत. त्यांतलं दृश्य कुठल्या गावचं नसतं.

पुढे तीन कामं आहेत: मूळ आकाराचं १२०० डीपीआय स्कॅन, कोट सरळ दिसावा म्हणून आडवी उलटवलेली वेगळी प्रत (फाइलच्या नावातच 'उलटवलेली' असं लिहून), आणि नातेवाइकांकडे छाटलेल्या कोपऱ्याचा पत्रा आहे का, याची विचारपूस. कुणाकडे अशा नकल-प्रिंटचं उदाहरण असेल तर कडेची सावली कुठल्या बाजूला पडली आहे, तेवढं जरूर पाहून सांगा.