चाळीसगाव: एक स्टेशन, दोन दिशा (तिसरी फेरी, डिसेंबर)

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की तोरणमाळ दोन दिवसांत बसत नाही. शुक्रवारी संध्याकाळी ठाण्यातून निघून धुळे, शहादा करत वर पोहोचलो तेव्हा शनिवारची दुपार झाली होती, आणि रविवारी सकाळी यशवंत तलावाला धड एक फेरीही न मारता परत फिरावं लागलं. त्यानंतर मी स्वतःसाठी एक अट घातली. रात्रीच्या गाडीने थेट पोहोचता येईल असं खान्देशातलं स्टेशन धरायचं, दोन्ही दिवस तिथूनच निघायचं आणि तिथेच मुक्काम करायचा. चाळीसगाव या अटीत बसतं. सप्टेंबरमध्ये एक फेरी फसली, ऑक्टोबरमध्ये अर्धी जमली, आता डिसेंबरमध्ये पूर्ण जमली. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी गाडीचं. मुंबईहून चाळीसगाव सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे साधारण पाच तास. रात्री नऊ-दहाची गाडी पकडली तर ती आपल्याला पहाटे दोन-तीनला अंधारात उतरवते आणि रात्रीची झोप मोडते. मध्यरात्रीनंतर सुटणारी गाडी उजाडता उजाडता पोहोचवते, ती बरी. मात्र अशा गाडीच्या तिकिटावर शनिवारची तारीख हवी. सप्टेंबरमध्ये आमच्यातल्या एकीने शुक्रवारची तारीख टाकली होती. ती गाडी गुरुवारी रात्री बारानंतरच निघून गेलेली होती, आणि हे आम्हाला कल्याणच्या फलाटावर कळलं. दुसरं म्हणजे, जळगावला थांबणारी प्रत्येक गाडी चाळीसगावला थांबतेच असं नाही, तेव्हा थांबा बघूनच तिकीट काढावं.

आता दोन दिशा. चाळीसगावच्या दक्षिणेला सातमाळा डोंगररांगेची भिंत उभी आहे. तिच्या पायथ्याशी, शहरापासून साधारण अठरा किलोमीटरवर, पाटणादेवीचं देऊळ. त्याच भिंतीच्या वरच्या कड्यात पितळखोऱ्याची लेणी. नकाशावर दोन्ही ठिकाणं बोटभर अंतरावर दिसतात, आणि इथेच बहुतेकांचा बेत फसतो. पाटणादेवी जळगाव जिल्ह्यात, खाली. पितळखोरे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या कन्नड तालुक्यात, वर. मध्ये सरळ रस्ता नाही. गाडीने जायचं तर चाळीसगावला परत येऊन कन्नडचा घाट चढावा लागतो आणि पठारावरून वळसा घालून लेण्यांच्या माथ्यावर यावं लागतं. दोन्ही एकाच दिवसात करायला गेलं की अर्धा दिवस गाडीतच जातो.

ऑक्टोबरमध्ये आम्ही दिवस वेगळे केले खरे, पण क्रम उलटा लावला. शनिवारी पाटणादेवी, रविवारी पितळखोरे. परतताना घाटात वाहनं अडली, दीड तास जागचे हललो नाही, आणि संध्याकाळची गाडी डोळ्यांदेखत गेली. सोमवारी ऑफिसला अर्ध्या दिवसाची रजा टाकावी लागली. घाट कधी अडेल हे आपल्या हातात नाही. तेव्हा घाटाची बाजू शनिवारीच उरकायची, कारण शनिवारी रात्री उशीर झाला तर फक्त जेवण उशिरा होतं.

या वेळी तसंच केलं. पहाटे उतरलो, लॉजवर दोन तास पाठ टेकली, आठला ठरवलेली जीप आली. चालकदादांनी विचारलं, "कोठे जाणं शे?" पितळखोरे म्हटल्यावर त्यांनी पहिल्यांदा पाणी भरून घ्यायला लावलं. योग्य सल्ला, कारण वर खाण्यापिण्याची काहीच खात्री नसते. मजल मारून माथ्यावर पोहोचलं की लेणी दिसतच नाहीत. घळीच्या काठावरून पायऱ्या खाली उतरतात आणि मग समोरच्या कातळात ती उघडतात. उतरताना सोपं वाटतं, पण परतीचा चढ दुपारच्या उन्हात येतो, म्हणून बाराच्या आत वर यायचं ठरवून खाली जावं.

पितळखोऱ्यासाठी दोन तास हवेतच. ही बौद्ध लेणी इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकात सुरू झाली. कातळ ठिसूळ असल्याने पुष्कळशी दर्शनी बाजू ढासळली आहे, त्यामुळे पहिल्या नजरेला मोडतोडच दिसते. घाई केली तर माणूस निराश होऊन परततो. चौथ्या क्रमांकाच्या लेण्यापाशी जोत्यावरची हत्तींची रांग एकेक करून बघावी, मग तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहात खांबांवर उरलेले रंग शोधावेत. डोळे अंधाराला सरावायला पाच-सात मिनिटं लागतात, तेवढा वेळ टॉर्च बंद ठेवली तर खांबांवरच्या आकृत्या हळूहळू वर येतात. इथल्या एका लेखात पैठणच्या मितदेव नावाच्या गांधिकाचं, म्हणजे अत्तर-सुगंधाचा व्यापार करणाऱ्याचं, दान नोंदलेलं आहे. पैठणच्या बाजारातला पैसा या घळीत येऊन दगडात उतरला, हे तिथे उभं राहून मनात आणलं की त्या मोडक्या खांबांकडे बघण्याची नजर बदलते. इथे सापडलेला कान्हदास सुवर्णकाराने घडवलेला यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

पावसाळ्यात मात्र घळीत पाणी वाहत असताना खाली जाऊ नये. सप्टेंबरच्या फेरीत आम्ही पायऱ्यांवरूनच परतलो. तेव्हाही एका गुराख्याने आधी हाक मारून थांबवलं होतं: "आते पानी शे, खाले नका उतरू!"

संध्याकाळी शेवभाजी आणि कळण्याची भाकरी. चंपाषष्ठी होऊन गेली होती, त्यामुळे वांग्याचं भरीतही मिळालं. भरतासाठी तरी ही सहल डिसेंबरातच करावी, असं माझं ठाम मत आहे.

रविवारी सातलाच पाटणादेवी. गौताळा-औट्रम घाट अभयारण्याचा हा भाग आहे. सकाळी लवकर गेलं की गर्दी नसते आणि पक्षी भरपूर दिसतात. डिसेंबरात धबधब्यांना धार बारीक होते, ते बघायचे तर सप्टेंबरच. पण माझा ओढा इथल्या शिलालेखाकडे. शके ११२८ मधल्या या लेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापल्याचं म्हटलं आहे. लेख प्रकाशात आणला डॉ. भाऊ दाजी लाड यांनी.

साडेअकराला परत शहरात. उरलेला वेळ स्टेशनपासून पायी जाता येईल अशाच ठिकाणी घालवायचा, ही अटीतली शेवटची ओळ. चाळीसगावात त्यासाठी स्टेशनजवळचं केकी मूस यांचं घर आहे, आता कलादालन झालेलं. छायाचित्रकार मूस (१९१२–१९८९) जवळजवळ पन्नास वर्षं या घराबाहेर क्वचितच पडले. प्रेयसी पंजाब मेलने येईल म्हणून ती गाडी येण्याच्या वेळी ते दार उघडं ठेवत, असं गावात सांगतात. आमची गाडी यायला पाऊण तास होता. तेवढ्यात त्यांची टेबलावर मांडून टिपलेली छायाचित्रं बघून, चालत फलाटावर पोहोचलो.

गुडघे दुखणाऱ्यांनी पितळखोऱ्याऐवजी दोन्ही सकाळी खालचीच बाजू धरावी. एप्रिल-मेमध्ये मी कुणालाच घेऊन जाणार नाही, कातळ तापतो.

एक गोष्ट राहिली आहे. पाटणादेवीहून जंगलातून पायवाटेने पितळखोऱ्याला चढणं. वनविभागाला विचारून, वाटाड्या घेऊन जानेवारीत करायचा विचार आहे. वर चढून जीपने खाली यायचं, म्हणजे जीप आधीच माथ्यावर उभी ठेवावी लागेल. त्या जीपचं भाडं चौघांत वाटलं तर परवडतं, दोघांत जड जातं. तिसरं आणि चौथं माणूस कोण, ते ठरलं की पुढची नोंद.