आईच्या गोळ्यांची मोजणी आणि संपण्याची तारीख

माझ्या आईच्या हृदयात धातूची कृत्रिम झडप बसवलेली आहे, आणि त्या झडपेवर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून तिला असेनोकुमरॉल हे रक्त पातळ ठेवणारे औषध रोज रात्री जेवणानंतर घ्यावे लागते. या औषधाचा परिणाम शरीरात फार काळ टिकत नाही; त्यामुळे दोन-तीन दिवसांचा खंडसुद्धा धोक्याचा ठरू शकतो, हे शस्त्रक्रियेनंतर घरी सोडतानाच आम्हाला बजावण्यात आले होते. तरीही 2024 च्या दिवाळीत आमच्या घरी हे औषध संपलेच.

चूक माझी होती. स्ट्रिपमध्ये 30 गोळ्या असतात, म्हणून एक स्ट्रिप म्हणजे एक महिना, असे मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात आईचा डोस रोज सारखा नव्हता. 2 मिलिग्रॅमची गोळी सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी दीड, तर उरलेल्या चार दिवशी एक, असा तो होता. म्हणजे आठवड्याला सातऐवजी साडेआठ गोळ्या. सोमवार, 7 ऑक्टोबर रोजी उघडलेली स्ट्रिप या हिशेबाने महिनाभर पुरणारच नव्हती, आणि 31 ऑक्टोबरला, नरकचतुर्दशीच्या रात्री, आईच्या हाती तिच्यातली शेवटची अर्धी गोळी आली.

आमचे गाव सांगली जिल्ह्यात तालुक्याचे आहे. मेडिकलवाले काका दुकानात होते, पण ही गोळी घेणारे गिऱ्हाईक गावात मोजकेच असल्यामुळे ते ती मागणीनुसार मिरजेच्या स्टॉकिस्टकडून आणतात. शुक्रवारी लक्ष्मीपूजन, शनिवारी पाडवा, रविवारी भाऊबीज; स्टॉकिस्ट थेट सोमवारी उघडणार होता. शेवटी डॉक्टरांना फोन करून विचारले आणि मिरजेतल्या एका नातेवाइकाने रात्रभर उघड्या असणाऱ्या दुकानातून 1 मिलिग्रॅमच्या गोळ्या मिळवून पाठवल्या. अर्ध्या गोळीला जोड म्हणून त्यातली एक त्या रात्री दिली. पुढचे चार दिवस मात्र 2 मिलिग्रॅमच्या जागी 1 मिलिग्रॅमच्या दोन आणि दीड गोळीच्या जागी तीन, असे रोज लिहून ठेवून द्यावे लागले, कारण घाईत गोंधळ होण्याची भीती गोळी नसण्याच्या भीतीहून कमी नव्हती.

त्यानंतर मी प्रथम मोबाइलवर दर 30 दिवसांनी वाजणारी आठवण लावली. ती निरुपयोगी ठरली, कारण तिला घरात किती गोळ्या उरल्या आहेत हे ठाऊकच नव्हते. आठवण ठरावीक दिवसांनी नव्हे, तर शिल्लक गोळ्यांवरून लावली पाहिजे, हे उमजायला मला आणखी एक महिना लागला.

आता मी दर रविवारी रात्री, आईने गोळी घेतल्यानंतर, शिल्लक मोजतो. वेळ ठरलेली असल्यामुळे 'आजची गोळी धरून की सोडून' हा प्रश्न उरत नाही. अर्ध्या गोळ्या एका छोट्या डबीत वेगळ्या ठेवतो आणि त्यांनाही हिशेबात घेतो; तोडताना भुगा झालेली गोळी मात्र सोडून देतो. 8 जून 2025 च्या रविवारचे उदाहरण सांगतो. त्या रात्री 23 अख्ख्या आणि एक अर्धी, अशा साडेतेवीस गोळ्या होत्या. दोन आठवड्यांना 17 लागणार, म्हणजे 22 जूनपर्यंतची सोय झाली आणि साडेसहा उरल्या. त्या वार धरून वजा करत गेलो: सोमवारी दीड, मंगळवारी एक, बुधवारी दीड, गुरुवारी एक, शुक्रवारी दीड, आणि शिल्लक शून्य. म्हणजे शेवटची गोळी शुक्रवार, 27 जूनला. रोज एक असा ढोबळ हिशेब केला असता, तर हाच साठा 1 जुलैपर्यंत पुरेल असे मी समजलो असतो.

औषध मागवण्याची तारीख मी संपण्याच्या दिवसाच्या दहा दिवस आधी धरतो. मिरजेहून गोळी यायला दोन-तीन दिवस लागतात आणि उरलेला आठवडा सुट्टी, तुटवडा किंवा माझे स्वतःचे गावाबाहेर असणे यांसाठी राखलेला आहे. शक्यतो त्याच कंपनीची गोळी घ्यावी, असे डॉक्टरांनी सांगितले आहे, त्यामुळे ऐनवेळी मिळेल ती घेण्याची सवलतही आम्हाला नाही. त्या नियमाने मंगळवार, 17 जून ही तारीख मी मोबाइलमध्ये घातली आणि स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवरही लिहिली, कारण मोबाइल माझ्याबरोबर फिरतीवर जातो आणि कॅलेंडर आईसमोर राहते.

हा हिशेब जिथे हमखास मोडतो, ती जागा मात्र वेगळीच आहे. रक्त किती पातळ आहे हे पाहणारी आयएनआर चाचणी आईला नियमित करावी लागते आणि तिच्या आकड्यानुसार डोस बदलतो. सोमवार, 16 जूनच्या चाचणीत तो आकडा ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा खाली आला आणि डॉक्टरांनी त्याच रात्रीपासून रोज दीड गोळी सांगितली. आदल्या रविवारी रात्री बरोबर 15 गोळ्या शिल्लक होत्या. दीडने भागले तर दहा दिवस, म्हणजे शेवटची गोळी 27 जूनला नव्हे, तर 25 ला. त्यातून दहा दिवस मागे गेलो तर मागणीची तारीख 15 जून येत होती, म्हणजे ती उलटूनही गेली होती, आणि मोबाइलमधली आठवण अजून उद्याची होती. दवाखान्यातून परतताना मी सरळ मेडिकलमध्ये गेलो. तेव्हापासून चिठ्ठीवर नवा डोस आला की घरी पोचण्याआधीच नवी तारीख काढायची, असे ठरवले आहे. नव्या चिठ्ठीवर डोससोबत किती दिवसांचे औषध हेही डॉक्टरांकडून लिहून घेतो, नाहीतर जुन्या चिठ्ठीवर पुन्हा औषध द्यायला काका कां-कूं करतात, आणि ते नियमाला धरूनच आहे.

डोस वारंवार बदलत असल्याने एकदम चार-पाच स्ट्रिप आणून ठेवणे आम्हाला पटत नाही; गोळीची ताकदच बदलली, तर सगळा साठा पडून राहील, आणि घरात दोन ताकदींच्या सारख्या दिसणाऱ्या स्ट्रिप असणे मला दिवाळीपासून नकोसे झाले आहे.

मोजणीचा एक उपयोग मी गृहीत धरलेला नव्हता. दर रविवारी मी पुढच्या रविवारी किती गोळ्या उरायला हव्यात, तो आकडाही स्ट्रिपसोबतच्या कागदावर लिहितो. 6 जुलैला आषाढी एकादशी होती आणि वारही रविवारच. रात्री मोजले तर लिहिलेल्या आकड्यापेक्षा दीड गोळी जास्त निघाली. आईला विचारले, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "अरे, आज जेवणच नाही, मग जेवणानंतरची गोळी कशी घेऊ?" चुकलेली गोळी त्याच दिवशी लक्षात आली तर घ्यायची, दुसऱ्या दिवशी मात्र दुप्पट घ्यायची नाही, असे डॉक्टरांनी सांगून ठेवले होते. अकरा वाजायचे होते. तिने वरीच्या तांदळाचे दोन घास आणि दीड गोळी घेतली, आणि कागदावरचा आकडा मला खोडावा लागला नाही.