नवव्या ओळीतलं ‘आम्ही’

‘ताई, कापसाच्या कवितेत आठ ओळी मी-मी चालतं आणि नवव्या ओळीत एकदम आम्ही. असं का?’

माझ्या कवितेबद्दल असं कुणी विचारलं की आधी मी सांगायचे की दुःख पसरतं, म्हणून सर्वनाम पसरतं. आता ते उत्तर मलाच पटत नाही.

पहिली ओळ आहे, ‘मी वेचते, बोटांत रुततात सुकल्या बोंडांची टोकं.’ ‘वेचते’ म्हटलं की बोलणारी बाई आहे हे क्रियापदातूनच कळतं. ‘आम्ही वेचतो’ म्हटलं की ती बाई पुसली जाते, ते पुरुषही म्हणतील. म्हणून नववी ओळ मी मुद्दाम अशी बांधली: ‘दिवस बुडता आम्ही काट्यापुढे उभ्या राहतो.’ त्या ‘उभ्या’त बायका परत आल्या. कारागिरी म्हणून ती ओळ आजही मला चुकीची वाटत नाही.

अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावात, देवळाच्या ओट्यावर ही कविता वाचली. समोर आमच्याच शेतात वेचणीला येणाऱ्या बाया होत्या. नववी ओळ झाली आणि त्यांच्यातली सगळ्यांत वयस्कर बाई म्हणाली, ‘ताई, हे आम्ही म्हंजे कोन? आम्ही त इथं बसेल आहे.’

मराठीत ‘आपण’ म्हटलं की ऐकणारा आत येतो आणि ‘आम्ही’ म्हटलं की तो बाहेर राहतो. मी ज्यांच्या वतीनं बोलत होते, त्यांनाच तोंडावर बाहेर ठेवत होते. पुण्यात हीच ओळ वाचली तेव्हा ऐकणारे खरोखरच बाहेरचे होते, म्हणून तिथं ती खटकली नव्हती. मग ‘आपण’ लिहायचं का? तर पुढचं वाक्य तिनंच ऐकवलं: ‘तू त काट्यापाशी वही धरायची.’

खरं आहे. वेचणी किलोवर असायची. त्या एकेक गाठोडं काट्याला लावायच्या आणि वडील आकडा सांगायचे तो मी लिहायचे. दिवसभर मीही वेचायचे, बोटं माझीही फाटायची, हे खोटं नाही. पण माझं गाठोडं कधी तोललं गेलं नाही. आठ ओळींत मी स्वतःच्या बोटांची साक्ष दिली आणि नवव्या ओळीत त्या साक्षीवर त्यांच्या मजुरीचा हक्क सांगितला. काट्यापुढे आम्ही सगळ्याच उभ्या होतो, फक्त वही माझ्या हातात होती.

घरी येऊन ‘त्या उभ्या राहतात’ असं करून पाहिलं. कविता लांबून बघणाऱ्या पाहुणीची झाली, म्हणून खोडलं. ‘आम्ही’ वापरायचंच नाही असंही मी म्हणत नाही. वेचणाऱ्या बाईनं ते म्हटलं असतं तर कुणी विचारलंही नसतं, आणि माझी फाटलेली बोटं त्या शब्दाला अजिबात पुरत नाहीत, असं अजूनही मनापासून वाटत नाही.

मागच्या वेळी वाचताना ऐनवेळी ‘मी काट्यापुढे उभी राहते’ असं म्हटलं. तरी काट्याच्या कोणत्या बाजूला, ते कवितेत कुठेच नाही.