बुटाची जीभ आणि उलटी नाडी

आज हात पूर्ण पांढरे, नखांत खडू अजून तसाच आहे. मैत्रिणीच्या कॅफेबाहेरच्या फुटपाथवर ठेवायचा बोर्ड, तो दोन पायांचा तंबूसारखा उघडतो तो, मी करून देते म्हटलं होतं, आणि त्यात दोन दिवस गेले.

काल मी जे केलं होतं ते जवळून बघायला खूप छान होतं. कॉफीचा कप, कपावर नक्षी, फेसात पान, बशी, चमचा, आणि वर ओळ : "प्रत्येक उत्कृष्ट कपात आमच्या प्रेमाचा दरवळ". लिहिताना मला स्वतःलाच भारी वाटत होतं. मग संध्याकाळी पलीकडे जाऊन अर्धा तास उभी राहिले. एकाचीही मान वळली नाही. म्हणजे एक माणूस वळला, पण तो फोनवर बोलत होता.

मग मी स्वतःच चालून बघितलं. साधारण चालीने माणूस सेकंदाला सव्वा-दीड मीटर जातो, म्हणजे पाच मीटरवरून बोर्ड दिसला तरी तीन-चार सेकंदांत तो मागे पडतो, आणि त्यातही नजर बोर्डावर जेमतेम एखादा सेकंद. त्यात "उत्कृष्ट" कोण वाचणार! जाड खडूने त्कृ आणि ष्ट काढले की आतल्या फटी बुजतात आणि लांबून नुसता पांढरा गोळा दिसतो. इंग्रजी अक्षरांना हा त्रास नाही, आपल्याला जोडाक्षरं आहेत, वर वेलांटी-मात्रा, खाली उकार-ऋकार, त्यामुळे दोन ओळींत जागा जास्त सोडावी लागते नाहीतर वरच्या ओळीचा ऋकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. कालच्या बोर्डात नेमकं तेच झालेलं.

दुसरी चूक विचारातली होती. कप काढला आणि कपाबद्दलच लिहिलं, म्हणजे एकच गोष्ट दोनदा सांगितली. आणि कॅफेत कॉफी मिळते हे लोकांना माहीत आहेच की. चालणाऱ्याला त्या क्षणी काय होतंय हे बघायला हवं, तर त्याचे पाय दुखतायत. म्हणून आज कप उडवला आणि फक्त एक बूट काढला, दमलेला, नाडी सुटलेली, जीभ बाहेर लोंबतेय (बुटाला जीभ असतेच, हे सुचलं तेव्हा मी एकटीच हसले). आणि ओळ, जणू बूटच म्हणतोय :

बसायचं
का जरा?

एकही जोडाक्षर नाही, उकार नाही, वर फक्त एक अनुस्वार. बोर्ड ६० बाय ९० सेंटिमीटरचा, अक्षरं ८ सेंटिमीटर उंच, ती पाच मीटरवरून आरामात वाचता येतात. सगळं वरच्या दोन तृतीयांशात बसवलं, कारण खालचा भाग पुढे चालणाऱ्यांच्या पायांआड जातो. काळ्यावर फक्त पांढरा आणि जिभेला पिवळा. लाल आधी लावला होता, दोन पावलं मागे गेले तर जीभच गायब! झालं की फोनवर फोटो काढून बोटाच्या पेराएवढा करून बघते, त्यात बूट आहे हे कळलं तर लांबूनही कळतं. पहिल्यांदा बटाटा दिसत होता, मग टाच उंच केली.

कालचा कप पुसताना वैताग आला, कारण कोऱ्या बोर्डावर आधी खडू आडवा धरून सगळीकडे घासायचा आणि कोरड्या फडक्याने पुसून घ्यायचा हे मी घाईत सोडलं होतं, मग पहिल्या रेघांची भुतं राहतात. कपाची कड अजून दिसतेय अंधुक. वर कपाच्या बाह्यरेषा चॉक मार्करने काढल्या होत्या, तो तर सच्छिद्र पाटीत मुरतोच. बूट त्या भुतावरच बसवला, सुदैवाने कपाचा कान बुटाच्या टाचेत लपला.

आणि मग शेवटचा घोळ. सुटलेली नाडी मी लांब नेऊन दाराकडे वळवली होती, म्हणजे बाण न काढता बाण. दुसऱ्या बाजूला तेच चित्र जसंच्या तसं उतरवलं. बोर्ड उभा केला, मैत्रीण पलीकडून आली आणि म्हणाली, "अगं ही नाडी लोकांना रस्त्यावर पाठवतेय!" बरोबरच, एका बाजूने येणाऱ्याला दार डावीकडे, दुसरीकडून येणाऱ्याला उजवीकडे, तर एका बाजूचं चित्र आरशातल्यासारखं उलटं हवं होतं. नुसती नाडी फिरवून बघितली तर ती टाचेतून निघाल्यासारखी दिसायला लागली. अख्खा बूटच उलटा काढावा लागणार.

तोवर ती बाजू भिंतीकडे करून बोर्ड भिंतीला टेकवून ठेवलाय. त्या एका बाजूवरही संध्याकाळी एक आजोबा थांबले, बुटाकडे बघितलं, मग स्वतःच्या चपलांकडे, आणि आत आले. कॉफी नाही घेतली, पाणी मागितलं. मैत्रिणीने दिलं.

उद्या सकाळी उघडायच्या आधी दुसरी बाजू. आधी खडू घासून.